रेझ्युमेतली विक्रीची ओळ : जबाबदारीपासून कामगिरीपर्यंत

फोंडा येथील एका वाचनालयाच्या सभागृहात, विक्री क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन आहे.

मित्रहो,

"नेमून दिलेल्या क्षेत्रातील मासिक विक्रीचे उद्दिष्ट पूर्ण करण्याची जबाबदारी." हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा वाचले असेल, याची मोजदाद मला करता येणार नाही. बिस्किटे, फरसाण, चहा, साबण अशा रोजच्या खपाच्या मालाच्या धंद्यात मी तीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि त्यातील बराच काळ सेल्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी आलेले रेझ्युमे माझ्या टेबलावर येत राहिले. हे वाक्य खोटे नसते. ते नेमणूकपत्रातून जसेच्या तसे उचललेले असते, एवढीच त्याची अडचण आहे. त्या जागेवर तुमच्या आधी जो माणूस होता आणि काम जमले नाही म्हणून ज्याला जावे लागले, त्याच्याही रेझ्युमेत हेच वाक्य होते आणि त्याच्याही बाबतीत ते खरेच होते. म्हणून ओळ लिहून झाली की मी एकच प्रश्न विचारायला सांगतो : ही ओळ आधीच्या माणसाला लिहिता आली असती का? आली असती, तर ती जागेची माहिती झाली, तुमची नव्हे.

आज मी एकाच माणसाचा कागद घेऊन बसणार आहे. त्याचे नाव आणि त्याच्या कंपनीचे नाव सांगणार नाही, आकडेही सोयीसाठी गोळाबेरीज केलेले आहेत. तो बिस्किटे आणि फरसाण विकणाऱ्या एका कंपनीत सेल्स एक्झिक्युटिव्ह होता. डिचोली आणि सत्तरी हे दोन तालुके त्याच्याकडे होते, साखळीला एक वितरक होता आणि वितरकाचे दोन सेल्समन रोज दुकाने फिरत. त्याच्या रेझ्युमेत सहा ओळी होत्या : उद्दिष्टपूर्तीची जबाबदारी, वितरकाचे व्यवस्थापन, नवीन दुकाने जोडणे, थकबाकीचा पाठपुरावा, सेल्समनचे नेतृत्व आणि दैनंदिन अहवाल पाठविणे. कुणीतरी त्याला सांगितले होते की ओळीत आकडा हवा आणि सुरुवातीला दमदार क्रियापद हवे. म्हणून त्याने पहिली ओळ सुधारून आणली : "सहा महिन्यांत विक्री ४५ टक्क्यांनी वाढवली."

आकडा आला, क्रियापदही आले, आणि ओळ आधीपेक्षा वाईट झाली.

का, ते पाहा. मी त्याला विचारले की हे सहा महिने कोणते. तो म्हणाला, जुलै ते डिसेंबर. गोव्यात ज्याने एक वर्ष जरी माल विकला आहे, त्याला यापुढे काही सांगावे लागत नाही. जुलैत पाऊस असतो, किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले असतात, रस्त्यावर गिऱ्हाईक नसते. मग चवथ येते, दिवाळी येते, पर्यटकांचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरात नाताळ असतो. डिचोली-सत्तरीत किनारा नसला तरी धबधबे, देवळे आणि त्या वाटेवरची चहाची दुकाने हंगामाबरोबरच चालतात. या काळात विक्री झोपून राहिलेल्या माणसाचीही वाढते. मुंबईत बसलेला एखादा मुलाखतकार कदाचित फसेल, पण गोव्याचा मॅनेजर ती ओळ वाचून कागद बाजूला ठेवील, आणि त्याचा संशय मग उरलेल्या पाचही ओळींना चिकटेल.

तेव्हा आकड्याची पहिली गरज म्हणजे त्याला पाया असावा लागतो, आणि पाया तोच हंगाम, तेच क्षेत्र, तोच माल असा असावा लागतो. आम्ही पूर्ण वर्ष घेतले. २०२३-२४ मध्ये त्याच्या क्षेत्रातील सरासरी मासिक सेकंडरी विक्री १४ लाख रुपये होती आणि २०२४-२५ मध्ये ती १६ लाख ८० हजार रुपये झाली. इथे प्रायमरी आणि सेकंडरी हा भेद मी मुद्दाम सांगतो, कारण रेझ्युमेत तो फार थोडे लोक लिहितात. कंपनीने वितरकाला बिल केलेला माल म्हणजे प्रायमरी, आणि वितरकाकडून दुकानात गेलेला माल म्हणजे सेकंडरी. महिन्याची ३० तारीख आली की उद्दिष्ट गाठण्यासाठी वितरकाच्या गोदामात माल कोंबला जातो, हे आपण सगळे जाणतो आणि आपल्यातल्या अनेकांनी ते केलेलेही आहे. तो माल पुढच्या महिन्यात पडून राहतो, त्याची मुदत संपते आणि एक दिवस तो परत येतो. म्हणून "उद्दिष्टाच्या ११२ टक्के" असे वाचले की जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो तो प्रायमरी की सेकंडरी, आणि दुसरा विचारतो की वर्षअखेरीस वितरकाकडे किती दिवसांचा साठा होता. सेकंडरीचा आकडा असेल तर तो शब्द ओळीतच लिहावा.

१४ लाखांवरून १६ लाख ८० हजार, म्हणजे २० टक्के वाढ. तो तेवढ्यावर खूश होता. मी त्याला विचारले की या वर्षात कंपनीने भाव वाढवला होता का. वाढवला होता. काही पाकिटांचा भाव वर गेला होता, आणि सगळ्या मालाचा मिळून हिशेब केला तर सरासरी ५ टक्के भाववाढ निघत होती. याचा अर्थ असा की एकही दुकान वाढले नसते, एकही पाकीट जास्त गेले नसते, तरी १४ लाखांचे १४ लाख ७० हजार झालेच असते. ते ७० हजार कंपनीच्या भावपत्रकाने आणले. त्याने स्वतः आणले ते १४ लाख ७० हजारांच्या वरचे २ लाख १० हजार, म्हणजे सुमारे १४ टक्के.

तो थोडा हिरमुसला. २० टक्के लिहिता येत असताना १४ का लिहायचे, असा त्याचा प्रश्न होता. माझे मत या बाबतीत ठाम आहे. १४ लिहावे आणि त्याच्यापुढे "भाववाढ वगळून" असे लिहावे. मुलाखतीत समोरच्याने भाववाढ काढली आणि तुमचा आकडा २० वरून १४ वर आला, तर तुम्ही सहा टक्के गमावत नाही, सगळा विश्वास गमावता. उलट "भाववाढ वगळून" हे दोन शब्द ज्याने आधीच लिहिले, त्याला विक्रीचा हिशेब कळतो हे ओळ वाचतानाच कळते. हे पुढच्या काळात अधिकच लागू होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून आणि पाकीटबंद फरसाणावरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. काही पाकिटांची किंमत उतरली, काहींचे वजन वाढले. या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे रुपये एकमेकांशेजारी ठेवून टक्केवारी काढणे आता धोक्याचे आहे, आणि ज्यांच्याकडे पेट्यांचा किंवा किलोंचा हिशेब असेल त्यांनी तोच वापरावा.

आता खरा प्रश्न. हे २ लाख १० हजार आले कुठून? "विक्री वाढवली" या शब्दांत त्याचे उत्तर नाही. विक्री वाढणे हा परिणाम आहे, आणि परिणाम कुणी करत नसतो, करतो ती कृती. मी त्याला म्हटले, तू सकाळी उठून काय वेगळे केलेस ते सांग. बराच वेळ त्याला काही आठवेना. माणसे आपल्याच कामाबद्दल इतकी मुकी असतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मग हळूहळू गोष्ट बाहेर आली.

वितरकाच्या यादीत ४१२ दुकाने होती, पण महिन्यातून एकदा तरी बिल होणारी दुकाने फक्त २६० होती. उरलेली नावे यादीत पडून होती. त्यातली बरीच केरी, म्हाऊस, नगरगाव, गुळेली या बाजूच्या गावांतली होती, जिथे सेल्समन पंधरा दिवसांतून एकदा जायचा आणि पाऊस जोराचा असला की तेवढाही जायचा नाही. गावातल्या छोट्या पसऱ्यात पंधरा दिवसांचा माल भरून ठेवण्याइतके भांडवल नसते. त्यामुळे पसरकार दुसऱ्या कंपनीचा माल घ्यायचा, किंवा वाळपईला गेला की घाऊक दुकानातून आणायचा. आमच्या या माणसाने साखळी आणि डिचोली शहरातले दोन मार्ग, ज्यांवर आठवड्यातून दोन फेऱ्या होत, ते एका फेरीवर आणले आणि वाचलेले दिवस सत्तरीच्या आतल्या गावांना दिले. पंधरवड्याची फेरी आठवड्याची झाली. वर्षाअखेरीस दरमहा बिल होणारी दुकाने २६० वरून ३३८ झाली होती.

म्हणजे ७८ दुकाने जास्त. आता २ लाख १० हजारांना ७८ ने भागा. एका दुकानाला महिन्याला सुमारे २,७०० रुपये येतात. आतल्या गावातल्या पसऱ्यासाठी हा आकडा पटण्यासारखा आहे, आणि याच कारणासाठी मला त्याच्या गोष्टीवर विश्वास बसला. भागाकार करून तो ३०,००० आला असता तर मी समजलो असतो की वाढ दुसरीकडून कुठून तरी, कदाचित एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडून, आली आहे आणि दुकानांची गोष्ट नंतर जोडलेली आहे. कारण आणि परिणाम एकाच ओळीत लिहायचे असतील तर हा एक भागाकार घरी करून पाहावा, कारण समोरचा माणूस तो मनातल्या मनात करतोच.

याच हिशेबातून एक अवघड प्रश्नही निघतो. आधी दर दुकानामागे मासिक विक्री सुमारे ५,४०० रुपये होती, आता ती ५,००० च्या जरा खाली आली. "दुकाने वाढली, पण दर दुकानाची विक्री घटली, हे कसे?" असे विचारणारा भेटणारच. घाबरण्याचे कारण नाही. नवी दुकाने लहान आहेत म्हणून सरासरी उतरली. जुनी दुकाने जागच्या जागी आहेत. पण हे उत्तर तोंडावर असायला हवे. ते नसेल तर चांगली ओळही अंगावर येते.

आता शब्दांकडे येतो. आपले रेझ्युमे बहुतेक इंग्रजीत जातात आणि त्यामुळे 'हँडल्ड', 'मॅनेज्ड', 'रिस्पॉन्सिबल फॉर' ही मंडळी न बोलावता येऊन बसतात. ती गेली की त्यांच्या जागी 'स्पीअरहेडेड' आणि 'रिव्होल्युशनाइज्ड' येतात, आणि मग सत्तरी तालुक्यात फरसाणाची क्रांती झाल्याचे आम्हाला वाचावे लागते. मी सांगतो की ओळ आधी मराठीत किंवा कोंकणीत मोठ्याने म्हणून पाहा. "वितरकाला हाताळले" असे म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, म्हणजे काय केलेस? इंग्रजीत लपणारा पोकळपणा आपल्या भाषेत उघडा पडतो. चांगल्या क्रियापदाची ओळख अशी की ती कृती वाळपईच्या दुकानदारालाही दिसली असती. मार्ग नव्याने आखले, फेरी आठवड्यावर आणली, बंद पडलेली दुकाने पुन्हा सुरू केली, हे त्याला दिसते. नेतृत्व केले, समन्वय साधला, हे दिसत नाही.

पण दिसणे पुरेसे नाही, वाटाही बरोबर हवा. दुकानात जाऊन ऑर्डर घेतली ती सेल्समनने, आमच्या माणसाने नव्हे. म्हणून "७८ दुकाने उघडली" हे त्याच्या तोंडी शोभत नाही. मार्ग त्याने आखले, वितरकाला गाडीच्या वाढीव खर्चासाठी राजी केले आणि पहिले दोन महिने तो स्वतः सेल्समनबरोबर फिरला. तेव्हा ओळ अशी झाली :

"सत्तरी तालुक्यातील आतल्या गावांचे विक्रीमार्ग नव्याने आखून फेरी पंधरवड्यावरून आठवड्यावर आणली, दरमहा बिल होणारी दुकाने एका वर्षात २६० वरून ३३८ झाली आणि मासिक सेकंडरी विक्री २०२४-२५ मध्ये भाववाढ वगळून १४ टक्क्यांनी वाढली."

ओळ लांब आहे, हे मला मान्य आहे. इंग्रजीत ती दोन ओळींत बसते. पण या एका वाक्याने आधीच्या तीन ओळी गिळल्या : उद्दिष्टाची, नवीन दुकानांची आणि सेल्समनच्या नेतृत्वाची. लोक सहा जबाबदाऱ्यांच्या सहा कामगिऱ्या करायला बसतात आणि तिथेच खोटे शिरते, कारण कुणाच्याही वर्षात सहा कामगिऱ्या नसतात. दोन असल्या तरी माणूस चांगला.

त्याची दुसरी कामगिरी थकबाकीत होती. "थकबाकीचा पाठपुरावा केला" असे त्याने लिहिले होते, आणि पाठपुरावा हा असा शब्द आहे की पैसे आले नाहीत तरी तो पूर्ण होतो. आमच्या धंद्यात वितरक कंपनीला बहुधा आगाऊ पैसे भरतो, आणि उधारी अडकते ती दुकानांकडे. साखळीच्या वितरकाचे ३० दिवसांवरचे येणे २ लाख ४० हजार होते. आमच्या माणसाने एक नियम घातला : दोन बिले थकली असतील तर तिसऱ्याचा माल उतरवायचा नाही, आणि रोज सकाळी सेल्समनच्या हातात त्या दिवसाच्या मार्गावरील थकबाकीची यादी द्यायची. पाच महिन्यांत ते येणे ७० हजारांवर आले. त्याने लिहिले, "१ लाख ७० हजारांची थकबाकी वसूल केली." वितरकाची वही पाहिली तर त्यातले ४० हजार बुडीत म्हणून वितरकाने स्वतःच काढून टाकले होते, दोन दुकाने कायमची बंद झाली होती. मग ओळीत १ लाख ३० हजारच राहिले, आणि 'वसूल केली' ऐवजी "दोन थकीत बिलांनंतर माल थांबवण्याचा नियम लागू करून ३० दिवसांवरील थकबाकीपैकी १ लाख ३० हजारांची वसुली पाच महिन्यांत घडवून आणली" असे झाले. वसुली हातांनी केली सेल्समनने, नियम होता त्याचा.

वितरकाच्या व्यवस्थापनाची ओळ आम्ही स्वतंत्र ठेवली नाही. तिच्यात सांगण्यासारखे जे होते, ते या दोन ओळींत आलेच होते. दैनंदिन अहवालाची ओळ तर खोडलीच. अहवाल पाठवणे ही कामगिरी नव्हे, आणि ती तशी दिसावी म्हणून "१०० टक्के वेळेवर अहवाल" असे लिहिणाऱ्याने आपल्याकडे दुसरे काही नाही हे कबूल केलेले असते.

आकडे आणायचे कुठून, हा प्रश्न नोकरी सोडल्यावर सुचतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो. लॅपटॉप परत गेलेला असतो, मोबाइलवरचे ऑर्डरचे ॲप बंद झालेले असते. तुमच्याकडे जे कायदेशीरपणे उरते ते म्हणजे इन्सेन्टिव्हची पत्रे, वार्षिक मूल्यमापनाचा कागद आणि स्वतःची डायरी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी डायरीत चार आकडे लिहून ठेवायची सवय लावा : सेकंडरी विक्री, बिल झालेली दुकाने, ३० दिवसांवरचे येणे आणि वितरकाकडचा साठा किती दिवसांचा. बारा महिन्यांचे अठ्ठेचाळीस आकडे, एवढेच लागते. दुकानांच्या याद्या, वितरकाचा नफा, योजनांचे दर हे मात्र घरी आणू नका आणि रेझ्युमेत तर मुळीच लिहू नका. जो उमेदवार जुन्या कंपनीची यादी माझ्यासमोर ठेवतो, तो उद्या माझी यादी दुसरीकडे ठेवणार, एवढे कोणत्याही मॅनेजरला कळते. रुपये गुप्त असतील तर टक्केवारी द्या. पण मग पाया कशाचा होता ते तोंडी सांगण्याची तयारी ठेवा.

एक गोष्ट राहिली, आणि ती या भागातल्या माणसांसाठी महत्त्वाची आहे. ओळीत नेहमी वाढच असावी असे नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोली-सत्तरीच्या ट्रकांच्या रस्त्यांवरची चहाची दुकाने आणि गाडे ओस पडले. त्या वर्षी तिथल्या सेल्स एक्झिक्युटिव्हने विक्री वाढवली असे लिहिले असते तर मी तपासायलाच बसलो असतो. पण त्याने आपल्या क्षेत्रातील घट किती आणि त्याच कंपनीची खाणपट्ट्यातील एकूण घट किती हे शेजारी ठेवून, आपली कमी होती असे दाखवले असते, आणि गाड्यांवरचा माल कोणत्या दुसऱ्या दुकानांकडे वळवला ते सांगितले असते, तर ती माझ्या दृष्टीने पहिल्या दर्जाची कामगिरी ठरली असती. उलट खाणी सुरू झालेल्या वर्षी त्याच रस्त्यावर वाढलेल्या विक्रीचे श्रेय ट्रकांना जाते.

मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. त्यांना या कामात सातच महिने झाले आहेत, जूनमध्ये त्या रुजू झाल्या, आणि तुलना कशाशी करायची असे त्या विचारतात. ताई, वितरकाच्या वहीत गेल्या वर्षीचे जून ते डिसेंबर हे सात महिने आहेत. तुमच्या जागेवर तेव्हा दुसरे कुणी होते, पण पाऊस तोच होता, चवथ आणि नाताळही त्याच सात महिन्यांत होते. ते सात आणि तुमचे सात शेजारी ठेवा, आणि ओळीत "जून ते डिसेंबर, मागील वर्षाच्या याच काळाच्या तुलनेत" असे लिहा. यातून वाढ तीनच टक्के निघाली तर आकडा तीनच लिहा, आणि त्या सात महिन्यांत तुम्ही सुरू केलेली अशी कोणती दुकाने आज दरमहा बिल घेतात, तेवढी मोजून त्याच्यापुढे लिहा.